सौदा कोठे थांबतो?

दोघेच जण आपापल्या वस्तूंची अदलाबदल करू लागले, तर किती देऊन किती घ्यावे हे कशावरून ठरावे? १८८१ साली फ्रान्सिस एजवर्थ या आयरिश अर्थशास्त्रज्ञाने 'मॅथेमॅटिकल सायकिक्स' या ग्रंथात हा प्रश्न हाती घेतला. उदाहरणाला त्याने निर्जन बेटावरचे रॉबिन्सन क्रूसो आणि फ्रायडे निवडले. एक मजुरी देणार, दुसरा श्रम करणार. या विवेचनाची जी चौकट आज एजवर्थच्या नावाने ओळखली जाते, ती मात्र पारेटो या इटालियन पंडिताच्या १९०६ सालच्या ग्रंथात आढळते.

ही चौकट आपण मांडून पाहू. रामजीजवळ तांदळाची १० मापे आणि डाळीची २ आहेत. गोविंदाजवळ तांदळाची २ आणि डाळीची १०. दोन्ही वस्तू एकूण बारा-बारा मापे, म्हणून चौकटीची प्रत्येक बाजू १२ ची. रामजीचा वाटा डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजावा, गोविंदाचा उजव्या वरच्या कोपऱ्यापासून. मग चौकटीतला एकच बिंदू दोघांचेही वाटे सांगतो.

तांदूळ व डाळ यांच्या मापांचा गुणाकार वाढला की समाधान वाढते, असे सोयीसाठी मानू. आरंभी दोघांचाही गुणाकार २० आहे. २० हाच गुणाकार देणाऱ्या बिंदूंतून प्रत्येकाची एक वक्ररेषा जाते आणि या दोन रेषांमध्ये भिंगासारखी जागा उरते. त्या भिंगातला कोणताही सौदा दोघांच्याही हिताचा. रामजीने २ मापे तांदूळ देऊन २ मापे डाळ घेतली, तर दोघांचा गुणाकार ३२ होतो; तरी वाव संपत नाही. आणखी तशीच अदलाबदल केली की प्रत्येकाजवळ सहा-सहा मापे येतात आणि गुणाकार ३६ होतो. येथे दोघांच्या वक्ररेषा एकमेकींना केवळ स्पर्श करतात. भिंग नाहीसे झाले. आता एकाचे नुकसान केल्यावाचून दुसऱ्याचे हित साधत नाही.

असे स्पर्शबिंदू जोडणारी रेषा म्हणजे करारवक्र. आपल्या उदाहरणात तो चौकटीचा कर्णच आहे. पण रामजीला पाच-पाच आणि गोविंदाला सात-सात मापे मिळाली, तरी तो बिंदू कर्णावरच पडतो आणि दोघेही पहिल्यापेक्षा सुखी असतात. रामजीचा वाटा सुमारे साडेचारपासून साडेसातपर्यंत कोठेही स्थिरावू शकतो. यांतला कोणता सौदा ठरेल हे वक्र सांगत नाही. ते घासाघीस ठरवते.

एजवर्थचे म्हणणे नेमके हेच होते. दोघांतला करार अनिश्चित राहतो. देवघेव करणारे अनेक झाले आणि स्पर्धा आली, की तो पट्टा आकुंचित होत जातो. मालक आणि कामगार-संघ समोरासमोर उभे राहिले की दोन्ही बाजूंचे संख्याबल एकवटते आणि अनिश्चितता परत येते. तेथे लवादाची गरज भासते.

आणि एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सगळा तांदूळ आणि सगळी डाळ रामजीकडेच असेल, तर तो बिंदूही करारवक्राच्या टोकावरच असतो. तेथे सौद्याला वाव नाही, पण गोविंदा उपाशी आहे. वाव संपला एवढेच वक्र सांगतो. वाटणी न्याय्य झाली असे तो म्हणत नाही.