प्रगतिशील, प्रमाणशीर आणि प्रतिगामी कर : फरक कसा ओळखायचा?

कोणताही कर समजून घेताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. कराचा भार शेवटी कोणावर पडतो? आणि उत्पन्न वाढले की त्यातला कराचा वाटा वाढतो, तेवढाच राहतो की घटतो?

प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष

ज्याच्यावर कर लावला त्यालाच तो सोसावा लागत असेल तर तो प्रत्यक्ष कर, उदा. आयकर. सरकारकडे भरणारा एक आणि सोसणारा दुसरा असेल तर तो अप्रत्यक्ष कर, उदा. जीएसटी. मोबाईल रिचार्जवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 236 रुपयांच्या रिचार्जमध्ये 36 रुपये कर असतो. तो कंपनी भरते, पण जातो आपल्या खिशातून.

समजा, चिखली तालुक्यातील शेतमजूर महिन्याला 8,000 रुपये कमावतो आणि बुलढाण्यातील अधिकारी 80,000. दोघांनी हेच रिचार्ज केले, तर मजुराच्या उत्पन्नातील 0.45 टक्के कर म्हणून जातात, अधिकाऱ्याचे 0.045 टक्के. दर एकच, भार दहापट. हा प्रतिगामी परिणाम.

प्रगतिशील आणि प्रमाणशीर

आयकराच्या नव्या प्रणालीत (2025-26) 16 लाख करपात्र उत्पन्नावर उपकर सोडून 1.20 लाख कर बसतो, म्हणजे 7.5 टक्के. 24 लाखांवर 3 लाख, म्हणजे 12.5 टक्के. उत्पन्नासोबत वाटाही वाढतो, म्हणून हा प्रगतिशील कर. भागीदारी पेढीच्या नफ्यावर मात्र, अधिभार व उपकर सोडल्यास, सरसकट 30 टक्के कर आहे. तो प्रमाणशीर.

प्रत्यक्ष असूनही प्रतिगामी

प्रत्यक्ष कर म्हणजे न्याय्य कर, असे अनेकदा गृहीत धरले जाते. महाराष्ट्राचा व्यवसाय कर पाहा. महिन्याला 10,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषाचे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात (स्त्रियांना 25,000 रुपयांपर्यंत सूट आहे). खामगावच्या कारखान्यातील 12,000 पगाराच्या कामगाराला हा वार्षिक उत्पन्नाच्या 1.74 टक्के पडतो, तर एक लाख पगार घेणाऱ्याला 0.21 टक्के. संविधानाच्या कलम 276 नुसार या कराची कमाल मर्यादाच 2,500 रुपये आहे, त्यामुळे राज्याने ठरवले तरी मोठ्या पगारावर तो याहून जास्त लावता येत नाही.

बाबासाहेबांची कसोटी

फेब्रुवारी 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसाऱ्यातील हाच दोष दाखवला. उत्पन्न नसेल तर आयकर लागत नाही, पण पीक बुडाले तरी सारा भरावा लागतो. एका एकराचा मालक आणि जहागीरदार यांना दरही एकच. शेतसारा थेट शेतकऱ्याकडूनच घेतला जाई, तरी त्यात ऐपतीचा विचार नव्हता.

म्हणून कराचे नाव किंवा दर पाहून थांबू नये. कराची रक्कम भागिले उत्पन्न, हा हिशेब गरिबासाठी आणि श्रीमंतासाठी वेगवेगळा करून पाहावा.