वर्गोन्नती (इयत्ता पाचवी ते आठवी)

एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत विद्यार्थ्याला घेण्याच्या निर्णयाला वर्गोन्नती म्हणतात. बोलीभाषेत ‘वरच्या वर्गात गेला’, ‘चढवला’ किंवा नाराजीने ‘ढकलला’ असे म्हटले जाते. महाराष्ट्र राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत पाचवी ते आठवी या चार वर्षांपैकी दोनच वर्षांची वर्गोन्नती परीक्षेच्या निकालावर अवलंबून असते: पाचवी आणि आठवी. सहावी व सातवीत कोणालाही मागे ठेवता येत नाही. या नोंदीत पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा शहर समोर ठेवून या दोन टप्प्यांचे नियम दिले आहेत.

पूर्वपीठिका

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकाला मागे ठेवण्यास किंवा शाळेतून काढून टाकण्यास मनाई होती. त्याच वर्षी, 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. वर्षअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी वर्षभराचे आकारिक आणि दोन सत्रांचे संकलित मूल्यमापन होऊ लागले व प्रगतिपुस्तकावर ‘नापास’ हा शेरा येईनासा झाला.

संसदेने 2019 मध्ये कलम 16 बदलले. पाचवी आणि आठवीच्या वर्षाअखेर नियमित परीक्षा घ्यावी, अनुत्तीर्ण मुलाला जादा अध्यापन द्यावे आणि निकाल लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, अशी रचना आली. त्या संधीतही यश न आल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा त्या त्या सरकारला मिळाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपल्या नियमांत दुरुस्ती केली, 7 डिसेंबर 2023 च्या शासन निर्णयाने परीक्षेची कार्यपद्धती ठरवली आणि 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून ती अमलात आली.

परीक्षेची रचना

वार्षिक परीक्षा द्वितीय सत्राच्या अभ्यासक्रमावर शाळेतच होते. पाचवीला प्रत्येक विषय 50 गुणांचा असतो: 40 गुण लेखी आणि 10 गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आठवीला प्रत्येक विषय 60 गुणांचा असून त्यात 50 लेखी व 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिक असतात. पाचवीत तीन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास; आठवीत तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे हे विषय परीक्षेला असतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे मूल्यमापन पूर्वीप्रमाणे वर्षभर चालते.

उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात 35 टक्के गुण हवेत. त्यामुळे पाचवीची रेषा 50 पैकी 18 वर आणि आठवीची 60 पैकी 21 वर येते. एका विषयातले जास्तीचे गुण दुसऱ्या विषयाची तूट भरून काढत नाहीत. थोडक्यात अडलेल्या मुलासाठी सवलतीचे गुण असतात, पण त्यांना मर्यादा आहे. सर्व विषय मिळून ते दहाच्या पुढे जात नाहीत.

एका निकालाची उकल

नियम कसा चालतो हे समजण्यासाठी कामशेतजवळच्या एखाद्या माध्यमिक शाळेतील आठवीची काल्पनिक विद्यार्थिनी घेऊ. तिला मराठीत 34, हिंदीत 29, इंग्रजीत 18, गणितात 9, विज्ञानात 23 आणि सामाजिक शास्त्रांत 31 गुण आहेत.

इंग्रजीची तूट तीन गुणांची आहे. सवलतीच्या गुणांनी ती भरून निघण्यासारखी आहे. गणिताची तूट मात्र 12 गुणांची. सवलतीचे सगळे दहा गुण एकट्या गणिताला दिले तरी रेषा गाठता येत नाही. त्यामुळे ती गणितात अनुत्तीर्ण ठरते, पण नापास झाली म्हणून याच टप्प्यावर तिला आठवीत बसवता येत नाही. तिची पुनर्परीक्षा गणिताचीच होईल. मराठी किंवा विज्ञानाचा पेपर तिला पुन्हा द्यायचा नाही.

तिच्या 9 गुणांपैकी समजा पाच तोंडी परीक्षेतले आणि चार लेखीतले आहेत. ही फोड शिक्षकांसाठी महत्त्वाची असते. फळ्यासमोर विचारल्यावर ती उत्तर सांगू शकते, पण कागदावर मांडू शकत नाही, असे त्यातून दिसते. बैजिक राशींतील चिन्हांच्या चुका आणि शाब्दिक उदाहरणाचे समीकरणात रूपांतर या दोन जागांवर सराव झाला, तर काही आठवड्यांत फरक पडू शकतो. उलट, तोंडीचे गुणही एक-दोनच असते तर तिला अपूर्णांक आणि भागाकारापासून सुरुवात करावी लागली असती.

जादा अध्यापन आणि पुनर्परीक्षा

कायद्याने या टप्प्यांचा क्रम ठरवून दिला आहे: निकाल, जादा अध्यापन, मग पुनर्परीक्षा. निकाल महाराष्ट्रदिनी, 1 मे रोजी लागला, तर कायद्यातील दोन महिन्यांची मुदत जूनअखेर संपते. पुनर्परीक्षा जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास होते. म्हणजे अध्यापनाचा सगळा काळ उन्हाळी सुट्टीत येतो आणि या व्यवस्थेतला हाच सर्वांत नाजूक दुवा आहे.

मावळात तो आणखी ताणला जातो. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातील वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलांना सुट्टीत एसटी आणि पायवाट धरून तासाभराच्या मार्गदर्शनासाठी येणे अवघड पडते. जूनच्या मध्यावर लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस सुरू होतो आणि भाताच्या रोपांची कामे निघतात. अध्यापन मे महिन्यात झाले नाही, तर जूनमध्ये त्यासाठी दिवस उरत नाहीत.

अध्यापन झाले की फक्त परीक्षा उरकली, हे पालकाला काही खुणांवरून ओळखता येते. मुलाच्या वहीत मे-जूनच्या तारखा आहेत का? पहिल्या उत्तरपत्रिकेतील चुका त्याला दाखवल्या गेल्या का? पुनर्परीक्षेची तारीख घरी आधी कळली का? पुनर्परीक्षेत पहिलाच पेपर जसाच्या तसा आला असेल, तर तिने मुलाची समज तपासली नाही, पाठांतर तपासले.

मागे ठेवल्यानंतर

पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. हा निर्णय फक्त इयत्तेपुरता असतो. त्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचे नाव हजेरीपटावर ठेवणे शाळेवर बंधनकारक आहे. ‘दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा’ हे मागे ठेवण्याचे पर्यायी रूप कायद्याला मान्य नाही.

पाचवीच्या परीक्षेचा परिणाम वयानुरूप प्रवेशावरही होतो. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे असे कायदा सांगतो. मात्र राज्याच्या 2023 च्या दुरुस्तीनुसार सहावी ते आठवीत असा प्रवेश देण्यापूर्वी पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तोपर्यंत मुलाला पाचवीत घेतले जाते. मावळातील कातकरी कुटुंबांना हा नियम थेट भिडतो. वीटभट्टीच्या कामासाठी दिवाळीनंतर बाहेर पडलेली कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर परततात आणि एप्रिलची परीक्षा त्याच काळात होऊन गेलेली असते. स्थलांतरित मुलांसाठी असलेले शिक्षण हमी कार्ड अशा वेळी उपयोगी पडते. मूल कोणत्या पातळीपर्यंत शिकले आहे, याची नोंद त्याच्यासोबत जाते आणि परतल्यावर त्याची सुरुवात शून्यापासून होत नाही.

शाळा बदलण्याचे वर्ष

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन टप्पे आहेत. महाराष्ट्रातील शाळांची जुनी घडण वेगळी आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंत आहेत, काही सातवीपर्यंत. माध्यमिक शाळा कोठे पाचवीपासून तर कोठे आठवीपासून सुरू होते. म्हणून अनेक मुलांसाठी परीक्षेचे वर्ष हेच नव्या शाळेतले पहिले वर्ष असते. वाडीवरची दोन शिक्षकांची शाळा सोडून मूल पाचवीला किंवा आठवीला वडगाव, पवनानगर किंवा टाकव्याच्या मोठ्या शाळेत येते, विषयागणिक वेगळे शिक्षक भेटतात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मागे राहण्याचा धोका उभा असतो. सहावी-सातवीत परीक्षेची आडकाठी नसल्याने साचलेली तूट आठवीत एकदम उघडी पडते. नव्या शाळेने जूनमध्येच मुलांची पातळी तपासून पाहिली, तर ही तूट भरायला पुढच्या उन्हाळ्याचे काही आठवडे नव्हे, पूर्ण वर्ष मिळते.

नियमांची व्याप्ती

वरील कार्यपद्धती राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांसाठी आहे, मग ती शाळा जिल्हा परिषदेची असो, नगरपरिषदेची असो वा खासगी संस्थेची. केंद्र सरकारच्या शाळांना केंद्राचे नियम लागू होतात. त्यामुळे लोणावळ्यात आयएनएस शिवाजीच्या केंद्रीय विद्यालयातील मूल आणि नगरपरिषदेच्या शाळेतील मूल एकाच शहरात वेगवेगळ्या नियमावलीखाली शिकतात. केंद्राने 16 डिसेंबर 2024 रोजी आपले नियम बदलून मागे ठेवण्याची तरतूद केली. त्यात मागे राहिलेल्या मुलांची यादी शाळाप्रमुखाने ठेवावी, वर्गशिक्षकाने मुलाला व गरज असल्यास पालकांनाही मार्गदर्शन करावे आणि परीक्षा पाठांतरावर नव्हे तर क्षमतांवर आधारलेली असावी, असे म्हटले आहे. नववीपासून शिक्षण हक्क कायद्याचे हे संरक्षण संपते आणि वेगळे नियम लागू होतात.

पाचवी किंवा आठवीचा निकाल हाती आल्यावर पालकाने शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या विषयात किती गुण कमी पडले, जादा अध्यापन कोणत्या दिवशी आहे आणि पुनर्परीक्षा कधी आहे. जादा अध्यापन आणि पुनर्परीक्षा हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे आणि या दोन संधी पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलाला मागे ठेवता येत नाही.