ऱ्हीसस-प्रतिपिंडे आणि गर्भाचा रक्तक्षय : निर्णयाच्या आधाराचा इतिहास

ऱ्हीसस-ऋण मातेच्या रक्तात प्रतिपिंडे एकदा उत्पन्न झाली, म्हणजे १९६८ च्या सुमारास प्रचारात आलेले अँटी-डी इंजेक्शन तिला उपयोगी पडत नाही. मग गर्भाच्या तांबड्या पेशींचा नाश कितपत झाला आहे व त्याला गर्भाशयातच रक्त द्यावे की काय, एवढाच प्रश्न उरतो. या निर्णयाचा आधार आजवर दोनदा बदलला.

पहिला आधार प्रतिपिंडांच्या टायटरचा. मातेचा रक्तद्रव सोळापट विरल केल्यावरही प्रतिक्रिया दिसली, तर टायटर १:१६ मानतात. बहुतेक प्रयोगशाळांत १:१६ किंवा १:३२ ही धोक्याची मर्यादा होय. परंतु हे माप मातेचे आहे, गर्भाचे नव्हे. पूर्वीचे मूल या विकाराने पीडित झाले असेल, तर पुढील गर्भाची अवस्था टायटरवरून ठरविता येत नाही.

ऑकलंडच्या विल्यम लायली यांनी १९६१ मध्ये गर्भजलातील बिलिरुबिन प्रकाशमापनाने मोजून विकाराची तीव्रता तीन पट्ट्यांत विभागली. जे गर्भ मरणोन्मुख असूनही प्रसूतीस फार अपक्व होते, त्यांच्यासाठी त्यांनी गर्भाच्या उदरपोकळीत रक्त सोडण्याचा मार्ग अवलंबिला. पहिले तीन प्रयत्न फसले. १९६३ मधील चौथा यशस्वी झाला. तथापि गर्भजलासाठी सुई वारंवार टोचावी लागे, आणि तिच्यामुळे गर्भाचे रक्त मातेच्या रक्तात मिसळून प्रतिपिंडे वाढण्याचा धोका असे.

हा धोका टाळणारे माप गर्भाच्या मेंदूतील मधल्या धमनीत सापडले. रक्तक्षयाने रक्त पातळ होते व हृदयाचा जोर वाढतो. म्हणून रक्त वेगाने वाहते. मारी व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये १११ गर्भांच्या अभ्यासावरून दाखविले, की कमाल वेग त्या आठवड्याच्या मध्यकाच्या दीडपटीहून अधिक असल्यास मध्यम वा तीव्र रक्तक्षय ओळखता येतो.

उदाहरणार्थ, २८ व्या आठवड्यात मध्यक सेकंदाला सुमारे ३७ सेंटिमीटर असतो. दीडपट मर्यादा ५५ ची. टायटर १:६४ असून वेग ४५ भरला, तर टायटर कितीही भिववो, सुई टोचण्याचे कारण नाही. एक-दोन आठवड्यांत पुन्हा मोजावे. वेग ६० भरला, तर नाळेतील रक्त काढून तपासतात व त्याच वेळी देण्याचे रक्त तयार ठेवतात. तांबड्या पेशींचे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आढळल्यास ऱ्हीसस-ऋण ओ गटाचे दाट रक्त त्याच सुईने नाळेच्या शिरेत देतात.

या मापालाही मर्यादा आहेत. ध्वनिलहरींचा किरण धमनीला तिरपा लागला, तर वेग कमी भासतो व रक्तक्षय नजरेतून निसटतो. ३५ व्या आठवड्यानंतर उलट निरोगी गर्भही आजारी भासू लागतात. पण तोवर रक्त चढविण्यापेक्षा प्रसूतीच श्रेयस्कर ठरते. शिवाय एकदा रक्त दिल्यावर गर्भाच्या शरीरात प्रौढ दात्याच्या पेशी वाहतात, आणि मूळच्या मर्यादेवरचा भरवसा कमी होतो. म्हणूनच दुसऱ्या रक्तदानाची वेळ ठरविताना केवळ वेगावर न विसंबता, पहिल्या वेळी पेशींचे प्रमाण किती वाढविले व ते दररोज किती उतरत असेल, याचाही हिशेब मांडावा लागतो.