पन्नास बाइट्स

(हा घटनाक्रम रचलेला आहे, त्यामुळे कंपनी ओळखण्याच्या फंदात पडू नये. यातला बिघाड मात्र खरा आहे, आणि व्हीएक्सलॅन चालवणाऱ्या कुणालाही तो गाठू शकतो.)

रात्री ११:३०
महापे, नवी मुंबई. कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा डेटा सेंटर हॉल. आठ लीफ स्विच, चार स्पाइन. प्रत्येक लीफपासून प्रत्येक स्पाइनला एक केबल जाते. लीफ-लीफ किंवा स्पाइन-स्पाइन अशी केबल कुठेच नाही. म्हणून कुठल्याही रॅकमधला सर्व्हर दुसऱ्या रॅकमधल्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा मधे एकच स्पाइन लागतो, आणि असे चार सारख्या अंतराचे रस्ते हाताशी असतात. ही मांडणी मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली तिचं गणित मांडलं होतं.

स्पाइन-३ चे पंखे कुरकुरत होते. आज रात्री तो बदलायचा आहे.

१२:४५
स्पाइन-३ वरची रहदारी काढून घेतली. उरलेल्या तिघांनी भार उचलला आणि कुणाला काही जाणवलंही नाही. चार स्पाइन असण्याचं सुख ते हेच.

१:५०
नवा स्पाइन-३ चालू झाला. हे नवं मॉडेल आहे. जुन्यावर पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, सबंध स्विचला एकदाच सांगितली होती. नव्यावर ती प्रत्येक इंटरफेसला वेगळी द्यावी लागते, आणि जुन्या कॉन्फिगवरून उतरवलेल्या टेम्प्लेटमध्ये `mtu 9216` ही ओळ नाही. त्यामुळे आठही पोर्ट मूळच्या १५०० वर राहिले.

लीफ आणि स्पाइन यांच्यामधल्या पायाभूत जाळ्याला अंडरले म्हणतात. तिथे प्रत्येक केबल हा एक स्वतंत्र राउटेड दुवा असतो आणि दोन्ही टोकं बीजीपीने एकमेकांना रस्ते कळवतात. ओएसपीएफ असतं तर दोन टोकांचा एमटीयू जुळत नाही म्हणून शेजार `ExStart` वर अडला असता आणि चूक तिथेच पकडली गेली असती. बीजीपी मात्र पलीकडच्या इंटरफेसचा एमटीयू विचारत नाही. आठही सेशन `Established` झाले.

"सर, सगळं अप आहे," रात्रपाळीच्या इंजिनिअरने फोनवर कळवलं. ते खरंच होतं.

२:००
स्पाइन-३ रहदारीत घेतला. आता वरचा थर, ओव्हरले. कर्जखात्यांचं ॲप्लिकेशन लीफ-१ खाली आहे, डेटाबेस लीफ-७ खाली. दोघांना वाटतं आपण एकाच सबनेटमध्ये, शेजारी शेजारी आहोत. मधे तर राउटिंग आहे. हा भास व्हीएक्सलॅन निर्माण करतो. ॲपची फ्रेम लीफ-१ वर आली की लीफ तिच्यावर सेगमेंटचा क्रमांक टाकतो (इथे १०२१०), ती आपल्या पाकिटात घालतो आणि वर लीफ-७ चा पत्ता लिहितो. लीफ-७ पाकीट फोडून आतली फ्रेम डेटाबेसला देतो. स्पाइन फक्त बाहेरचा पत्ता वाचतो.

डेटाबेसचा मॅक ॲड्रेस लीफ-७ च्या मागे आहे हे लीफ-१ ला सांगणं हे ईव्हीपीएनचं काम. लीफ-७ ने तो मॅक पाहिला की बीजीपीमधून 'टाइप २' राउट निघतो आणि सगळ्या लीफना कळतं. या रात्री ईव्हीपीएनमध्ये अक्षराचीही चूक नव्हती. म्हणूनच पुढचे काही तास कुणाला संशयच आला नाही.

आता आकारमान बघा. डेटाबेसच्या मोठ्या उत्तरातलं भरगच्च पॅकेट १५०० बाइट्सचं. त्याचं इथरनेट हेडर १४, व्हीएक्सलॅनचं ८, यूडीपीचं ८ आणि बाहेरचं आयपी हेडर २०. बेरीज १५५०. स्पाइन-३ ची मर्यादा १५००. ते पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. समजा स्पाइनने "पॅकेट फार मोठं आहे" असा निरोप पाठवलाच, तरी बाहेरच्या पाकिटावर पाठवणारा म्हणून लीफ-७ चं नाव आहे. निरोप लीफपाशी थांबतो, डेटाबेसला पत्ताच लागत नाही.

चार रस्त्यांपैकी कुठला घ्यायचा हे लीफ हॅशने ठरवतो. आतल्या जोडणीचे पत्ते आणि पोर्ट यांवरून बाहेरचा यूडीपी सोर्स पोर्ट ठरतो आणि त्यावरून स्पाइन. एक जोडणी एकदा एका स्पाइनला लागली की तिथेच राहते. म्हणजे प्रत्येक उत्तराचा पाव हिस्सा हरवत नाही. साधारण चारातली एक जोडणी पूर्ण निकामी होते आणि बाकीच्या तीन ठणठणीत चालतात.

ॲपच्या पूलमध्ये डेटाबेसशी ८० जोडण्या आहेत. त्यांतल्या २० अडकल्या. उरल्या ६०.

३:००
अडकलेल्या जोडणीवर प्रश्न जातो, कारण तो लहान असतो. उत्तर येत नाही. डेटाबेस तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि साधारण पंधरा मिनिटांनी नाद सोडतो. ॲपला हे कळत नाही. त्यात रीड टाइमआउट लावलेलाच नाही, त्यामुळे ते वाट पाहत बसतं आणि पूलच्या हिशेबी ती जोडणी 'कामात' राहते.

पूल दर तासाला चांगल्या जोडण्याही मोडून नव्या करतो. एरवी ही चांगलीच सवय. इथे मात्र प्रत्येक नव्या जोडणीचा हॅश नव्याने ठरतो आणि चारातली एक पुन्हा स्पाइन-३ च्या वाट्याला येते. ६० च्या ४५ झाल्या.

५:००
४:०० ला ३४, आता २५. रात्रीच्या कामाला पाच-सहा जोडण्या पुरतात. मॉनिटरिंगचा पडदा हिरवागार. पिंग लहान, बीजीपीचे कीपअलाइव्ह १९ बाइट्सचे, ॲपची हेल्थ चेकसुद्धा एका ओळीची.

७:००
१४. सकाळच्या पाळीला चार्ज दिला. हँडओव्हरमध्ये एकच वाक्य: स्पाइन-३ बदलला, अडचण नाही.

९:००
८. शाखा उघडल्या. एकाच वेळी तीसेक जोडण्या लागतात. दहा मिनिटांत देशभरच्या काउंटरवर गोल फिरणारं चक्र. ॲपची टीम म्हणते डेटाबेस मंद आहे. डीबीए वैतागून म्हणते, "अहो, डेटाबेस रिकामा बसलाय, बघा तरी!" नेटवर्कवाले ॲपवरून डेटाबेसला पिंग करून दाखवतात. चालतो. चालणारच, साधा पिंग ८४ बाइट्सचा असतो.

९:२०
डीबीएने `ss -tn` चालवलं. नुकत्याच उघडलेल्या काही जोडण्यांवर `Send-Q` मध्ये हजारो बाइट्स पडून, आणि आकडा हलत नाही. शेजारच्या जोडण्यांवर शून्य. लहान जातं, मोठं अडतं, आणि तेही काहींचंच. हे लक्षण सांगितल्यावर नेटवर्कमधल्या एका जुन्या माणसाने लीफ-७ वरून चारही स्पाइनच्या समोरच्या पोर्टला मोठा पिंग टाकला, तुकडे करायची मनाई करून:

```
ping -M do -s 8972 10.1.3.1
```

तीन स्पाइनचं उत्तर आलं, स्पाइन-३ चं नाही. त्याच्या पोर्टवर ओव्हरसाइज पॅकेटचा काउंटर रात्रभर चढत होता. तो मॉनिटरिंगमध्ये कुणी जोडलेलाच नव्हता.

९:४०
स्पाइन-३ पुन्हा रहदारीतून काढला. नव्या जोडण्या नीट चालू लागल्या. शाखांचे काउंटर मात्र अजून ठप्पच, कारण पूलमधल्या जुन्या जोडण्या मेलेल्या टोकाकडून उत्तराची वाट पाहत होत्या.

९:५५
ॲप रीस्टार्ट. काउंटर सुरू झाले.

दुपारी आठही पोर्टवर `mtu 9216` टाकलं, आठही लीफवरून मोठा पिंग करून पाहिला आणि मगच स्पाइन-३ ला रहदारीत घेतलं. तुमच्याकडे स्पाइन बदलायचा असेल तर ही पिंगची पायरी बीजीपी उठल्यानंतर आणि रहदारी सोडण्याआधी घाला. आठ लीफसाठी तिला पाच मिनिटंही लागत नाहीत.