थकीत भाड्याची नोटीस : जर्मनीतील व्यापारी गाळे

दुकान, उपाहारगृह, कार्यालय किंवा गोदाम भाड्याने घेणाऱ्याने भाडे थकवले, की ‘थकबाकी अमुक तारखेपर्यंत भरा, नाहीतर भाडेकरार संपवू’ असे जागेचा मालक लेखी कळवतो, ते पत्र. जर्मन व्यवहारात या प्रसंगी तीन वेगळ्या गोष्टी असतात. पैसे भरण्याच्या तगाद्याला मानुंग म्हणतात, करारभंग थांबवा या ताकिदीला आबमानुंग आणि करार संपवल्याच्या घोषणेला क्युंडिगुंग. पहिल्या दोन बहुधा एकाच कागदावर येतात. करार संपतो तो तिसरीने, आणि तिसरी येण्यासाठी पहिल्या दोन आलेल्याच असल्या पाहिजेत, असे मात्र नाही.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १५ नुसार थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूच्या हाती पडून ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला ताब्याचा दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के सरळ व्याजासह सारी बाकी न्यायालयात भरली आणि पुढचे भाडे वेळेवर देत राहिले, तर गाळा वाचतो. (एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना मात्र हा कायदा लागू नाही.) या सवयीने जर्मनीत गाळा घेणारा माणूस पहिल्या पत्राची वाट पाहत बसला, तर पत्राऐवजी करार संपल्याची घोषणाच त्याच्या हाती पडू शकते.

१ जानेवारी १९०० पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेच्या कलम ५४३ मध्ये याचे मूळ आहे. भाडेकरू भाड्याच्या लागोपाठ दोन तारखांना सगळे भाडे किंवा त्याचा ‘नगण्य नसलेला’ भाग भरायला चुकला, तर मालक तत्काळ करार संपवू शकतो. दोनहून अधिक तारखांमध्ये थोडे थोडे करून दोन महिन्यांच्या भाड्याइतकी बाकी साचली, तरीही तसेच. एरवी करारभंगासाठी करार संपवायचा तर आधी मुदत किंवा ताकीद द्यावी लागते. पण या दोन प्रकारांना संहितेने त्यातून स्पष्ट वगळले आहे. शिवाय भाड्याची तारीख पंचांगाप्रमाणे ठरलेली असल्यामुळे ती उलटताच भाडेकरू आपोआप कसूरदार ठरतो आणि तगाद्याचीही गरज उरत नाही. ‘नगण्य नसलेला’ म्हणजे किती, हा वाद व्यापारी जागांपुरता कार्ल्सरूह येथील संघीय न्यायालयाने २३ जुलै २००८ च्या निकालात पुष्कळसा मिटवला. लागोपाठच्या दोन तारखांची मिळून बाकी एका महिन्याच्या भाड्याहून जास्त असेल, तर ती नगण्य नाही. त्याहून कमी बाकी चालायची, तर काही खास परिस्थिती दाखवावी लागते.

मग बहुतेक मालक पत्र का पाठवतात? कारण त्यांना बहुधा जागा नको असते, पैसे हवे असतात. व्यापारी करार बरेचदा पाच-दहा वर्षांचे असतात आणि रिकामा गाळा मालकालाही परवडत नाही. शिवाय पत्रामुळे हिशेब कागदावर येतो आणि भाडेकरूचा काही आक्षेप असेल तर तो दावा लागण्यापूर्वीच कळतो. मात्र मुदत देणारा मालक एक धोका पत्करतो. करार संपवल्याची घोषणा पोहोचण्याआधी संपूर्ण बाकी भरली गेली, तर त्या बाकीवरून करार संपवण्याचा हक्क जातो.

एक कल्पित उदाहरण तारखांनिशी पाहू. गाळ्याचे महिन्याचे भाडे देखभालखर्चाचा हप्ता आणि कर धरून ३,००० युरो आहे. करारात वेगळे काही नसेल, तर ते महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दिवस ३ तारखेचा बुधवार होता. भाडेकरूने १,२०० युरो भरले आणि १,८०० राहिले. ऑक्टोबरमध्ये मोजणी फसवी होती : ३ तारखेला जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी, ४ तारखेला शनिवार (भाड्याच्या मुदतीत शनिवार कामाचा दिवस धरत नाहीत), त्यामुळे तिसरा कामाचा दिवस आला सोमवारी, ६ तारखेला. त्या दिवशीही निम्मेच, म्हणजे १,५०० युरो आले. ७ ऑक्टोबरला दोन तारखांची मिळून बाकी ३,३०० युरो झाली. एका महिन्याच्या भाड्याहून ती अधिक असल्याने मालक त्याच दिवशी करार संपवू शकत होता. करार संपवल्याची घोषणा ४ तारखेला केली असती, तर ऑक्टोबरची कसूर झालेलीच नसल्याने ती निष्फळ ठरली असती. ऑक्टोबरची तूट १,५०० ऐवजी १,१०० असती, तर बाकी २,९०० झाली असती आणि सर्वसाधारणपणे मालकाला थांबावे लागले असते.

समजा, मालकाने ८ ऑक्टोबरला पत्र पाठवून १७ तारखेपर्यंत मुदत दिली. चांगल्या पत्रात प्रत्येक महिन्याची देय तारीख, आलेली रक्कम आणि तूट वेगळी मांडलेली असते. नुसता एकूण आकडा भांडणाला वाव देतो. त्याखाली व्याज येते. दोन्ही बाजू व्यावसायिक असतील, तर दर असतो मूळ दर अधिक नऊ टक्के. १ जुलै २०२५ पासून मूळ दर १.२७ टक्के होता, म्हणून एकूण १०.२७. सप्टेंबरच्या १,८०० युरोंवर महिन्याभराचे व्याज सुमारे १५ युरो होते. वसुलीखर्चापोटी ४० युरोंची ठोक रक्कमही मागता येते. पत्राच्या शेवटी मुदतीची नेमकी तारीख आणि त्यानंतर करार तत्काळ संपवण्याचा इशारा असतो. ‘लवकरात लवकर भरावे’ अशी मोघम भाषा इथे कामाची नाही.

आता भाडेकरूने १५ तारखेला ३,००० युरो भरले आणि बाकीचे ३०० पुढच्या महिन्यावर टाकले, असे धरू. अनेकांना वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात करार संपवण्याचा हक्क एकदा निर्माण झाला, की तो पूर्ण फेडीनेच संपतो. बाकी पुन्हा मर्यादेखाली आली म्हणून नाही. १७ तारखेपर्यंत भाडेकरूला मालकाने दिलेल्या मुदतीवर विसंबता येते, पण त्यानंतर या ३०० युरोंपायी गाळा जाण्याचा धोका उरतोच. सप्टेंबरची तूट, ऑक्टोबरची तूट, व्याज असे बँकेच्या पावतीत लिहून सगळी रक्कम एकदम भरणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

राहत्या घराच्या भाडेकरूला आणखी एक आधार असतो : ताब्याचा दावा त्याच्यावर बजावल्यापासून दोन महिन्यांत बाकी फेडली, तर बाकीपोटी झालेली तत्काळ समाप्ती सहसा रद्द होते. व्यापारी भाडेकरूला ही सवलत नाही. घोषणा पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळे पैसे भरले, तरी करार मालकाच्या संमतीशिवाय परत जिवंत होत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महाग गैरसमज हाच आहे, कारण घराच्या भाड्याचा अनुभव असलेला माणूस तोच नियम दुकानाला लावतो.

ताकीद सक्तीची असते ती वेगळ्या प्रसंगी. भाडेकरू पूर्ण पैसे देतो, पण दर महिन्याला दहा-पंधरा दिवस उशिरा, अशा वेळी वरची मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. या सवयीवरून करार संपवायचा, तर उशिराच्या तारखा दाखवणारी आबमानुंग आधी द्यावी लागते आणि तिच्यानंतरही उशीर व्हावा लागतो. ताकीद न देता केलेली समाप्ती इथे बहुधा टिकत नाही.

पत्र मिळालेल्याचा बचाव बहुधा दोषांचा असतो : छत गळते, हीटिंग बंद आहे, म्हणून भाडे कमी दिले. खऱ्या दोषाने भाडे कमी होतेच, पण व्यापारी करारांत ही वजावट परस्पर करण्यावर अनेकदा बंधन असते. अंदाज चुकला, तर कापलेली रक्कम थकबाकी ठरते.

कोविडकाळात हा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. मार्च २०२० च्या कायद्याने एप्रिल ते जून २०२० चे भाडे साथीमुळे थकले असेल, तर त्यावरून ३० जून २०२२ पर्यंत करार संपवण्यास बंदी घातली. भाडे माफ झाले नव्हते. त्यामुळे त्या तीन महिन्यांची मागणी करता येत होती आणि व्याजही चालू होते. करार संपवण्याची धमकी तेवढी पोकळ ठरत होती. केम्निट्स शहरातील एक कपड्यांचे दुकान सरकारी आदेशाने १९ मार्च ते १९ एप्रिल २०२० बंद राहिले आणि भाडेकरू साखळीने एप्रिलचे ७,८५४ युरो दिले नाहीत. मालकाने पैशांचा दावा लावला. स्थानिक न्यायालयाने पूर्ण रक्कम मान्य केली, ड्रेस्डेनच्या उच्च न्यायालयाने ती ३,७२०.०९ युरोंवर आणली. संघीय न्यायालयाने १२ जानेवारी २०२२ रोजी हा निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले. सरकारी बंदी हा जागेचा दोष नाही, असे त्याने म्हटले. परिस्थिती मुळापासून बदलल्यामुळे भाडे कमी होऊ शकते, पण सरसकट अर्धे-अर्धे वाटून नव्हे. त्या विशिष्ट दुकानाची घटलेली विक्री, मिळालेली सरकारी मदत, विम्याचे पैसे हे सारे पाहावे लागेल.

करार संपल्यानंतरही मालकाला कुलूप बदलता येत नाही. भाडेकरू निघाला नाही, तर न्यायालयाचा हुकूम घेऊन बेलिफाकडूनच ताबा मिळवावा लागतो. भाडेकरूने जागेत आणलेल्या त्याच्या मालकीच्या वस्तूंवर मात्र भाड्यापोटी मालकाचा तारणहक्क असतो. हप्त्यावर किंवा भाड्याने आणलेली यंत्रे त्यात येत नाहीत. मुदतीचा करार भाडेकरूच्या कसुरीने संपला, तर नवा भाडेकरू मिळेपर्यंतचे बुडालेले भाडे मूळ मुदतीच्या मर्यादेत भरपाई म्हणून मागितले जाते. जागा गेली म्हणजे देणे संपले, असे होत नाही.

या सगळ्या घटनाक्रमाला दिवाळखोरीचा अर्ज अडवतो. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ११२ नुसार भाडेकरूविरुद्ध अर्ज दाखल झाल्यावर, अर्जापूर्वीच्या थकबाकीवरून मालक करार संपवू शकत नाही. अर्जानंतरच्या तारखांची कसूर नव्याने मोजली जाते.