मोनोव्हिजन स्पर्शभिंगे

चाळिशीच्या सुमारास उद्भवणाऱ्या जवळच्या दृष्टिदोषावर एका डोळ्याला दूरचे आणि दुसऱ्याला जवळचे स्पष्ट दिसेल अशा वेगवेगळ्या शक्तीची स्पर्शभिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स) वापरण्याच्या पद्धतीला मोनोव्हिजन म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या या पद्धतीत कोणतेही विशेष बनावटीचे भिंग लागत नाही; साधी एकशक्तीची भिंगेच वापरली जातात आणि दोन डोळ्यांकडून येणाऱ्या दोन असमान प्रतिमांपैकी त्या क्षणी उपयोगी कोणती हे ठरवण्याचे काम मेंदूवर सोपवले जाते. त्यामुळे तिचे यश भिंगाच्या दर्जापेक्षा वापरणाऱ्याच्या दृष्टिव्यवस्थेवर अवलंबून असते.

तरुण डोळ्यातील नेत्रभिंग लवचीक असते आणि जवळची वस्तू पाहताना ते अधिक फुगीर होऊन डोळ्याची शक्ती वाढवते. या क्रियेला समायोजन म्हणतात. वय वाढेल तसे भिंग कठीण होत जाते आणि समायोजनाची क्षमता घटते. भिंगाची शक्ती डायऑप्टर या एककात, म्हणजे मीटरमधील अंतराच्या व्यस्तात, मोजतात. त्यानुसार 40 सेंटिमीटरवरचे पुस्तक वाचण्यासाठी अडीच डायऑप्टर लागतात. डोळ्याचे समायोजन जेथे अपुरे पडते तेथे उरलेली शक्ती बाहेरून द्यावी लागते, आणि तिलाच वाचनाचा वाढीव नंबर म्हणतात. दोन डोळ्यांना असे भिन्न नंबर चष्म्यातून दिल्यास अडचण येते. नजर काचेच्या मध्यापासून खाली वळली की दोन काचांमधून किरण कमीअधिक वळतात. दोन डायऑप्टरचा फरक असेल आणि नजर मध्यापासून 1 सेंटिमीटर खाली असेल, तर दोन प्रतिमांमध्ये दोन प्रिझम डायऑप्टरचे उभे अंतर पडते, जे डोळ्यांना जुळवून घेणे अवघड जाते. स्पर्शभिंग बुबुळाबरोबर फिरत असल्यामुळे ही अडचण उरत नाही, शिवाय प्रतिमांच्या आकारातील फरकही नगण्य राहतो.

भिंगे ठरवताना पहिला प्रश्न असतो तो कोणता डोळा दूरसाठी ठेवायचा. दोन्ही हात पुढे धरून बोटांमधील छिद्रातून लांबची वस्तू पाहायला लावली की व्यक्ती ती नकळत एका विशिष्ट डोळ्याने पाहते; तो प्रबळ डोळा मानून त्याला दूरचा नंबर देण्याची प्रथा आहे. त्याहून अधिक उपयुक्त चाचणी अशी की, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या फळ्याकडे पाहत असताना दीड ते दोन डायऑप्टरचे धन भिंग आलटून पालटून एकेका डोळ्यापुढे धरायचे आणि कोणत्या डोळ्यापुढचा धूसरपणा कमी त्रासदायक वाटतो हे विचारायचे. तो डोळा जवळसाठी. दोन चाचण्यांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत, आणि न जुळल्यास दुसरीला महत्त्व देणे सयुक्तिक ठरते, कारण प्रत्यक्ष वापरात व्यक्तीला धूसरपणाशीच जुळवून घ्यायचे असते.

उदाहरणादाखल उजव्या डोळ्याचा नंबर उणे 2.00, डाव्याचा उणे 2.25, वाढीव नंबर 1.25 आणि उजवा डोळा प्रबळ असलेली 46 वर्षांची व्यक्ती घेता येईल. तिच्या उजव्या डोळ्यात उणे 2.00 चे भिंग घातले जाते, तर डाव्यात मूळ नंबरात 1.25 मिळवून उणे 1.00 चे. डाव्या डोळ्याला त्यामुळे 80 सेंटिमीटरपलीकडचे धूसर दिसते. या वयात दीड डायऑप्टरपर्यंतचे समायोजन विनासायास होते असे धरले, तर डावा डोळा 80 पासून सुमारे 36 सेंटिमीटरपर्यंत आणि उजवा डोळा अनंत अंतरापासून सुमारे 67 सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट पाहू शकतो. दोन पल्ले एकमेकांवर थोडेसे चढतात, त्यामुळे रस्ता, संगणक आणि पुस्तक यांपैकी काहीही दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी धूसर दिसत नाही.

मेंदू या असमान प्रतिमांचे काय करतो, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. दूर पाहताना जवळचा डोळा पूर्ण बंद होतो आणि जवळ पाहताना दूरचा, असे वर्णन पुष्कळदा केले जाते. पण तसे घडत नाही. दृश्यातील बारीक तपशील, म्हणजे अक्षरांच्या कडा, पानांच्या शिरा, हे ज्या डोळ्याकडून स्पष्ट येतात त्याचे ग्राह्य धरले जातात आणि दुसऱ्या डोळ्याची त्याच जागेवरची धूसर आवृत्ती दडपली जाते. या क्रियेला दमन म्हणतात. मोठे, ठसठशीत आकार मात्र धूसर प्रतिमेतही टिकून असतात आणि ते दोन्ही डोळ्यांकडून घेऊन एकत्र जुळवले जातात. दमन दृश्याच्या त्या त्या भागापुरते असते, त्यामुळे समोरच्या टेबलावरचा कागद एका डोळ्याच्या आणि त्यामागचे दार दुसऱ्या डोळ्याच्या हवाली असणे शक्य होते. परिघीय दृष्टीही यामुळेच दोन्ही डोळ्यांची राहते.

ही क्षमता मेंदूत आधीपासूनच असते. भिंगे घातल्यावर ती नव्याने निर्माण होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत डोके जड वाटणे, जिन्याची पायरी चुकणे, कपात ओतताना नेम किंचित हुकणे अशा तक्रारी येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांत त्या विरतात. तक्रार विरणे आणि दृष्टी सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन डोळ्यांच्या प्रतिमांमधील सूक्ष्म फरकावरून खोली ओळखण्याच्या शक्तीला घनदृष्टी म्हणतात, आणि तिला बारीक तपशील दोन्ही डोळ्यांकडून लागतात. ते एका बाजूने दडपले जात असल्यामुळे सूक्ष्म घनदृष्टी सवयीनंतरही उणीच राहते, आणि दोन भिंगांतील फरक जितका मोठा तितकी ती अधिक उणी होते. सवय झालेली व्यक्ती सावल्या, एकामागे एक झाकले जाणे, वस्तूंचा परिचित आकार अशा एका डोळ्यालाही मिळणाऱ्या खुणांवर अधिक विसंबते. सुईत दोरा ओवणारा ही उणीव हाताने चाचपून भरून काढतो. जेथे अशा खुणाच नसतात तेथे ती उघडी पडते.

19 ऑक्टोबर 1996 रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरणाऱ्या डेल्टा कंपनीच्या 554 क्रमांकाच्या उड्डाणाचे प्रकरण या संदर्भात अभ्यासले जाते. पाऊस आणि धुके होते, मार्ग खाडीच्या पाण्यावरून होता आणि धावपट्टीच्या कडेचे दिवे एकसारख्या अंतरावर नव्हते, म्हणजे अंतर ताडण्याच्या एका डोळ्याच्या नेहमीच्या खुणा अपुऱ्या आणि काही अंशी फसव्याही होत्या. अखेरच्या टप्प्यात वैमानिक बाहेर पाहून विमान उतरवत असताना ते प्रमाणाबाहेर खाली आले, धावपट्टीआधीच्या दिव्यांच्या सांगाड्यावर आणि मग धावपट्टीच्या काठावर आदळले. मुख्य चाके तुटली, विमान घसरत जाऊन थांबले, परंतु जीवितहानी झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने संभाव्य कारण म्हणून नोंदवले ते असे की, मुख्य वैमानिकाला मोनोव्हिजन भिंगांमुळे विमानाच्या स्थितीविषयीच्या भ्रमावर मात करता आली नाही. अमेरिकेतील विमान वाहतुकीच्या नियमांत ही भिंगे वैमानिकांना मान्य नाहीत.

हालत्या वस्तूंबाबत आणखी एक दोष 2019 मध्ये योहानेस बर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. एका डोळ्यापुढे काळी काच धरली की त्या डोळ्याची प्रतिमा मेंदूत किंचित उशिरा पोहोचते आणि आडवी हलणारी वस्तू पुढेमागे झुलत असल्याचा भास होतो, हे जर्मन भौतिकीविज्ञ कार्ल पुल्फ्रिश यांनी 1922 मध्ये वर्णिले होते. धूसर प्रतिमेबाबत याच्या उलट घडते: संथपणे हाताळले जाणारे बारीक तपशील तिच्यातून गळालेले असल्यामुळे ती काही सहस्रांश सेकंद लवकर हाताळली जाते. हा अवधी साडेतीन सहस्रांश सेकंदांचा धरला, तर ताशी 24 किलोमीटर वेगाने आडवा जाणारा सायकलस्वार तेवढ्यात 2.3 सेंटिमीटर सरकतो. दोन डोळ्यांमधील अंतर सुमारे 6.4 सेंटिमीटर असल्याने प्रतिमांतील हा तफावतीचा वाटा मोठा ठरतो, आणि 5 मीटरवरचा सायकलस्वार जाण्याच्या दिशेनुसार 7.8 किंवा 3.7 मीटरवर असल्याचे भूमिती सांगते. रस्त्यावर इतर खुणा मदतीला असल्यामुळे प्रत्यक्ष चूक नेहमी एवढी होतेच असे नाही, तरी वाहनचालकाने हा हिशेब क्षुल्लक मानू नये.

रात्री दमनाचाच आधार सुटतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा लहान, तेजस्वी दिवा धूसर असला तरी इतका ठळक असतो की मेंदू तो दडपू शकत नाही, आणि अंधारात बाहुली विस्फारल्याने धूसरपणाही वाढतो; परिणामी समोरच्या वाहनाच्या दिव्याभोवती वलय किंवा त्याची फिकट छाया दिसते. यावर सोपा उपाय आहे. वर उदाहरणात घेतलेल्या व्यक्तीने वाहन चालवताना भिंगांवरून असा चष्मा लावायचा, ज्यात उजवी काच बिननंबरची आणि डावी उणे 1.25 ची असेल. मग दोन्ही डोळे दूरसाठी समान होतात.

त्याच व्यक्तीच्या 56 व्या वर्षी वाढीव नंबर 2.25 झालेला असतो. डाव्या डोळ्याचा मूळ नंबर उणे 2.25 असल्यामुळे त्यात आता कोणतेच भिंग लागत नाही आणि तो 44 सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट पाहतो. समायोजन जेमतेम अर्धा डायऑप्टर उरले असेल, तर उजवा डोळा 2 मीटरच्या अलीकडे धूसर पाहू लागतो. आधी एकमेकांवर चढणारे पल्ले आता विलग झाले आहेत, आणि 65 ते 70 सेंटिमीटरवरचा संगणकाचा पडदा नेमका त्या पोकळीत पडतो. दहा वर्षे समाधानी असलेली व्यक्ती हल्ली भिंगे चांगली मिळत नाहीत अशी तक्रार घेऊन येते, तेव्हा दोष बहुधा येथे असतो. वाढीव नंबर दोनच्या पुढे गेला की यशाचे प्रमाण घसरते. मग फरक मुद्दाम कमी ठेवून बारीक वाचनासाठी वरून चष्मा देणे, किंवा एका डोळ्यात बहुकेंद्री भिंग घालणे, असे मधले मार्ग काढले जातात. संशोधनाच्या 1996 मधील एका आढाव्यात मोनोव्हिजनच्या यशाचे सरासरी प्रमाण 73 टक्के आढळले होते. अर्थात ते निवडक व्यक्तींतील आहे.

काहींना ही पद्धत देऊच नये. ज्यांचा एक डोळा मंददृष्टीचा आहे त्यांना जवळ किंवा दूर यांपैकी एकासाठी चांगला डोळा उरत नाही. बालपणी तिरळेपणा असलेल्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते: त्यांच्या मेंदूने तिरळ्या डोळ्याची प्रतिमा लहानपणापासून दडपलेली असते, आणि मोनोव्हिजनमुळे एखाद्या अंतरावर त्याच डोळ्याने पाहण्याची वेळ आली की उलट दिशेचे दमन तयार नसल्याने दुहेरी दिसू लागते. डोळे एकत्र राखण्याची ताकद मुळात काठावर असलेल्यांचा छुपा तिरळेपणाही धूसर प्रतिमेमुळे उघड होऊ शकतो. म्हणून नंबर मोजण्याआधी एकेक डोळा झाकून नजर हलते का हे पाहणे आणि बालपणी डोळ्यावर पट्टी बांधली होती का किंवा शस्त्रक्रिया झाली होती का हे विचारणे आवश्यक असते. तीन आठवड्यांनंतरही दुहेरी दिसत असेल, किंवा एक डोळा मिटल्याशिवाय वाचवत नसेल, तर सवयीची वाट न पाहता भिंगे बदलावीत.

लेझर शस्त्रक्रियेत किंवा मोतीबिंदूनंतर बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम भिंगांतही हाच फरक ठेवता येतो, पण तो सहजी मागे घेता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याची दृष्टी भिंगे घालून पाहण्याजोगी असेल, तर त्याने आधी काही आठवडे स्पर्शभिंगांनी मोनोव्हिजनचा अनुभव घ्यावा आणि त्यात रात्रीच्या वाहनचालनाचा अंतर्भाव असावा.