द्रौपदी खरंच तसं म्हणाली होती?

२०२३ साली ‘आदिपुरुष’ आला. लंकादहनाच्या प्रसंगात हनुमानाच्या तोंडी घातलेल्या संवादांवर लोक इतके चिडले की चित्रपट पडद्यावर असतानाच निर्मात्यांना ते संवाद बदलावे लागले. तो राग मला समजतो. पण तेव्हापासून एक मत फार ठामपणे मांडलं जातं: जुने लोक मुळाबरहुकूम पुराण दाखवत होते, त्यात हात घालण्याची खोड आजच्या दिग्दर्शकांना लागली आहे. हे मत मला मान्य नाही. त्याने जुन्या कलाकृतींचं फुकट कौतुक होतं, आणि नव्यांना कोणत्या गोष्टीचा जाब विचारायचा तेही नीट कळत नाही.

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेच्या श्रेयनामावलीतच वाल्मीकी आणि तुलसीदासांच्या बरोबरीने कंबन, कृत्तिवास आणि आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायण यांची नावं होती. म्हणजे आपण अनेक सांगण्यांतून निवड करतो आहोत, हे सागरांनी लपवलं नव्हतं. लक्ष्मणरेषा घ्या. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती नाही. तुलसीदासांच्या अरण्यकांडातही नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते, तेव्हा तिचा ओझरता उल्लेख येतो. तरीही ती रेषा नसलेलं सीताहरण पडद्यावर दाखवलं, तर प्रेक्षक दिग्दर्शकावरच मोडतोडीचा आरोप करतील.

यापेक्षा मोठा बदल महाभारतात झाला, आणि त्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं. बी. आर. चोप्रांच्या १९८८ ते १९९० या काळातल्या मालिकेत दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो, द्रौपदी हसते आणि आंधळ्याचा मुलगा आंधळाच, असं म्हणते. आज कुणालाही विचारा, भारतीय युद्धाचं कारण म्हणून हे वाक्य पहिल्यांदा पुढे येतं. कीर्तनांतून आणि नाटकांतून ते फिरतच होतं, पण मालिकेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडा. हे काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ शेजारी शेजारी ठेवून तिचा मजकूर ठरवला आहे. त्यातल्या सभापर्वात हा प्रसंग असा आहे: स्फटिकाची जमीन पाणी समजून दुर्योधन वस्त्र सावरतो, नंतर खरं पाणी जमीन समजून त्यात कपड्यांसकट पडतो. नोकरचाकर हसतात. राजाच्या आज्ञेवरून त्याला कोरडी वस्त्रं देतात. पुढे भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव हसतात. निवेदनात द्रौपदी तिथे नाहीच. हस्तिनापुरात परतल्यावर दुर्योधन बापापुढे गाऱ्हाणं मांडतो, तेव्हा प्रथमच सांगतो की कृष्ण हसला, अर्जुन हसला, आणि बायकांसह द्रौपदीही हसली. आंधळेपणाचा टोमणा तिच्या तोंडी तेव्हाही नाही.

व्यासांची ही मांडणी किती बारकाईची आहे पाहा. द्रौपदीच्या हसण्याची साक्ष देणारा एकमेव माणूस मत्सराने पेटलेला आहे आणि त्याला वडिलांकडून द्यूताची परवानगी हवी आहे. त्याच बोलण्यात तो युधिष्ठिराकडे आलेल्या घोड्यांचं, वस्त्रांचं, रत्नांचं, नजराण्यांचं अध्यायच्या अध्याय वर्णन करतो. त्याला काय सलतंय ते तोच सांगून टाकतो: भावाचं वैभव. मालिकेने त्याची फिर्याद उचलून घडलेली घटना म्हणून दाखवली, आणि वर टोमणा जोडला. त्या एका वाक्याने द्यूतसभेचा अर्थ फिरला. वस्त्रहरण हा सूड ठरला, आणि तिनेही जीभ आवरायला हवी होती, असं म्हणायला लोक मोकळे झाले. राही मासूम रझांच्या त्याच पटकथेने द्रौपदीचा सभेतला प्रश्न, आधी स्वतःला हरलेला राजा मला पणाला लावू शकतो का, मोठ्या ताकदीने मांडला. पण तोवर निम्म्या प्रेक्षकांनी मनात निकाल देऊन टाकला होता.

यावर दुसऱ्या टोकाचं उत्तर तयार असतं: रामायणं शेकडो, महाभारतं शेकडो, मग कुणीही काहीही करावं. हेही मला पटत नाही. परंपरा अनेकमुखी आहे म्हणून प्रत्येक बदल सारखाच ठरत नाही. मी एकच गोष्ट तपासतो. बदलानंतर कृत्याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे राहते, की दुसऱ्याच्या माथी जाते?

या कसोटीवर के. व्ही. रेड्डींचा १९५७ चा ‘मायाबाजार’ बावनकशी ठरतो, आणि तो तर मुळात नसलेल्या कथेवर उभा आहे. अभिमन्यू आणि बलरामाची मुलगी यांचं प्रेम महाभारतात कुठेच नाही. तिथे अभिमन्यूची पत्नी उत्तरा. ही मुलगी लोककथेतली. तेलुगूत ती शशिरेखा, आपल्याकडे वत्सला. बाबूराव पेंटरांनी १९२३ सालीच ‘वत्सलाहरण’ हा मूकपट काढला होता. पण कथा बसवली कुठे आहे ते पाहा. पांडव वनात गेल्यावर कृष्ण सुभद्रेला आणि अभिमन्यूला द्वारकेला घेऊन जातो, हे वनपर्वात आहे. मुलगा मामाकडे वाढला. त्या वर्षांत काय घडलं, यावर व्यास फारसं बोलत नाहीत. त्या मोकळ्या जागेत ही प्रेमकथा बसते. बलरामाचा दुर्योधनाकडे ओढा मुळातलाच. त्यामुळे त्याने मुलीचं लग्न दुर्योधनाच्या मुलाशी, लक्ष्मणाशी ठरवणं स्वभावाला धरून आहे.

मग घटोत्कच शशिरेखेचं रूप घेऊन लग्नघरात शिरतो. अभिनेत्री सावित्री इथे अंगाने नाजूक नववधू आणि चालीने, नजरेने राक्षस अशी दुहेरी भूमिका करते. नवऱ्या मुलाचा पाय दाबण्यापासून कौरवांची फजिती करण्यापर्यंत सगळा धुमाकूळ हसवणारा आहे. पाच पांडव चित्रपटभर दिसतही नाहीत, तरी त्यांच्यावरचा अन्याय प्रेक्षक विसरत नाही. ज्याला द्रोणपर्व ठाऊक आहे त्याला आणखी काही दिसतं. याच लक्ष्मणाला अभिमन्यू रणात मारणार आहे, त्याच दिवशी स्वतःही मरणार आहे, आणि दुसऱ्याच रात्री कर्णाच्या शक्तीने घटोत्कच पडणार आहे. चित्रपट त्याचा उच्चार करत नाही. कल्पित कथा इथे मुळाला कुठेच धक्का लावत नाही.

नव्यांतही हे जमतं. नाग अश्विन यांच्या २०२४ च्या ‘कल्कि २८९८ एडी’मध्ये अश्वत्थामा भविष्यात जिवंत आहे. सौप्तिकपर्वात त्याला तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप मिळतो. चित्रपटाने ती मुदत खूप ताणली. पण सुरुवातीलाच त्याने उत्तरेच्या गर्भावर सोडलेलं अस्त्र दाखवलं, आणि प्रायश्चित्त म्हणून एका गर्भाचं रक्षण त्याच्यावर सोपवलं. त्याचा अपराध पुसला गेला नाही. उलट पुढची सगळी कथा त्यातूनच निघते.

याच चित्रपटाच्या अखेरीस मात्र नायक कर्ण असल्याचं उघड होतं आणि थिएटरात टाळ्या पडतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर वाढलेल्या मराठी वाचकाला ती ओढ नवी नाही. पण द्यूतसभेत द्रौपदीला कुलटा ठरवणारा आणि तिची वस्त्रं उतरवा असं दुःशासनाला सांगणारा कर्णच होता. अश्वत्थाम्याच्या हातचं पाप ज्या स्पष्टपणे दाखवलं, त्याच स्पष्टपणे कर्णाची ही आज्ञा पुढच्या भागात येते का, यावर मी त्या चित्रपटाबद्दलचं माझं मत ठरवणार आहे.